युद्धात माणसं किती मेली? आकडे कसे निघतात आणि त्यावर वाद का होतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात आणि घाटावर कित्येक गावांत एक जुनी पाटी दिसते. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या पायरीजवळ. १९१४-१९ च्या महायुद्धावर या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी मेली, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावं नाहीत, फक्त दोन आकडे. त्यांतले बरेचजण मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. पुढे त्याच आखाती मुलखात दापोली, मंडणगड, राजापूरची माणसं नोकरीला गेली. त्यामुळे तिकडे लढाई पेटली की इथल्या घरांत फोनची वाट बघत रात्र काढली जाते आणि टीव्हीवरच्या आकड्यांवर पडवीत वाद होतो.

मी बावीस वर्षं रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत घरोघरच्या आरोग्य पाहण्यांचं काम केलं. "गेल्या दोन वर्षांत तुमच्या घरी कुणी वारलं का?" हा प्रश्न मी हजारो दारांत विचारला आहे. युद्धातले मृत्यू मोजणारेही हाच प्रश्न विचारतात. लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथे देतो आहे. सगळ्या युद्धांबद्दल लिहिण्यापेक्षा इराकमधली, मार्च २००३ मधल्या अमेरिकेच्या आक्रमणापासून २००६ च्या मध्यापर्यंतची सुमारे चाळीस महिन्यांची मुदत धरतो. एकाच देशात, एकाच काळात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजणी झाली आणि तीन अगदी वेगळे आकडे आले, त्यामुळे यातली गुंतागुंत इथे सर्वांत स्वच्छ दिसते.

बातमीत "पाच हजार हताहत" म्हणतात. म्हणजे पाच हजार मेले का?

नाही. 'हत' म्हणजे मेलेले आणि 'आहत' म्हणजे जखमी. लष्करी भाषेत तर पकडले गेलेले आणि बेपत्ताही या हानीत धरतात. मूळ इंग्रजी बातमीत एकूण हानी दिलेली असते आणि मराठीत येईपर्यंत तिचे 'बळी' होतात. जखमींची संख्या मृतांपेक्षा बहुधा बरीच जास्त असते, त्यामुळे या एका शब्दाने आकडा दुप्पट-चौपट फुगतो. कुठलाही आकडा समोर आला की त्यात जखमी धरलेत का, सैनिक धरलेत का, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे आधी बघा. निम्मे वाद इथेच संपतात.

इराकमधले ते तीन आकडे कोणते?

पहिला सुमारे ४७ हजारांचा. 'इराक बॉडी काउंट' नावाच्या गटाने वर्तमानपत्रं, वृत्तसंस्था आणि शवागारांच्या बातम्यांतून एकेक मृत्यू टिपून ही यादी केली. दुसरा १ लाख ५१ हजारांचा. तो इराकचं आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी केलेल्या मोठ्या घरोघर पाहणीतून आला आणि जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरा ६ लाख ५५ हजारांचा. तोही घरोघर पाहणीतलाच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इराकी डॉक्टरांबरोबर ही पाहणी केली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली.

हे तिन्ही आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिल्यात फक्त हिंसेने मेलेले सामान्य नागरिक आहेत. दुसऱ्यात हिंसेने मेलेले सगळेच आहेत, मग तो भाजीवाला असो की बंदूकधारी. तिसऱ्यात 'जादा मृत्यू' आहेत, म्हणजे युद्ध झालं नसतं तर जे झाले नसते असे सगळे मृत्यू. औषध न मिळाल्याने दगावलेली बाळंतीणही त्यात येते. मात्र व्याख्येतला हा फरक काढला तरी दरी बुजत नाही. तिसऱ्या पाहणीतल्या हिंसक मृत्यूंचा वेगळा अंदाज ६ लाख १ हजार होता. दुसरी पाहणी तेच मृत्यू दीड लाख म्हणते. म्हणजे चौपट फरक. खरा वाद तो.

बातम्यांवरून केलेली यादी खोटी असते का?

खोटी नसते, अपुरी असते. बाजारात गाडीबॉम्ब फुटून साठ माणसं गेली तर बातमी येतेच. रात्री एकाला घरातून नेलं, सकाळी त्याचं प्रेत कालव्याकाठी सापडलं आणि भावकीने दुपारपर्यंत दफन केलं, तर बातमी होत नाही. तेव्हाच्या बगदादमध्ये हा दुसरा प्रकार भयंकर वाढला होता. शिवाय बातमीदार जिवाच्या भीतीने जिकडे जाऊच शकत नव्हते, तिकडे हिंसा सर्वांत जास्त होती. परिस्थिती बिघडली की यादीतून सुटणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं. म्हणून अशा यादीकडे तळाचा आकडा म्हणून बघावं: याहून कमी नक्की नाहीत. तिची मोठी ताकद अशी की प्रत्येक नोंदीमागे तारीख, ठिकाण आणि बातमी असते. कुणीही एखादी नोंद काढून ती चूक आहे असं दाखवू शकतो. पाहणीच्या आकड्याला ही सोय नाही.

दोन हजारांहून कमी घरांत विचारून साडेसहा लाख मृत्यू कसे काय निघतात?

हा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे.

सगळा देश पालथा घालणं शक्य नसतं, म्हणून नमुना घेतात. आपल्याकडे तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून काही वाड्या निवडाव्यात आणि प्रत्येक वाडीत एका घरापासून सुरुवात करून ओळीने चाळीस घरं घ्यावीत, तसंच. लॅन्सेटच्या पाहणीत अशा ४७ जागा होत्या. त्यांतली १,८४९ घरं आणि त्या घरांतली १२,८०१ माणसं. जानेवारी २००२ पासून घरात कोण वारलं हे त्यांना विचारलं. मेलेला माणूस मृत्यूआधी सलग तीन महिने त्या घरात राहत असला तरच धरायचा, असा नियम होता. नियम लहान वाटतो, पण तो नसेल तर काय होतं ते आम्हाला कोकणात चांगलं ठाऊक आहे. मुंबईत राहणारा चाकरमानी वारला की गावचं घरही तो मृत्यू सांगतं आणि लालबागचं घरही सांगतं.

एकूण ६२९ मृत्यू निघाले. ८२ आक्रमणाआधीचे आणि ५४७ नंतरचे. माणसं आणि महिने यांनी भागलं तर आक्रमणाआधी वर्षाला दर हजारी ५.५ मृत्यू आणि नंतर दर हजारी १३.३ मृत्यू असा दर आला. फरक ७.८. इराकची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख, म्हणजे २६ हजार हजार. २६,००० गुणिले ७.८ केलं की वर्षाला सुमारे २ लाख ३ हजार जादा मृत्यू येतात. हे सव्वातीन वर्षं चाललं, म्हणून साडेसहा लाखांच्या आसपास.

आता तोच हिशेब दुसऱ्या बाजूने बघा. २ कोटी ६० लाखांना १२,८०१ ने भागा. नमुन्यातला एक माणूस देशातल्या साधारण २,००० माणसांच्या वतीने उभा आहे. पाहणीत हिंसेने मेलेले जे सापडले ते ३०० च्या आसपास होते. ३०० गुणिले २,००० म्हणजे सहा लाख. प्रगणकाने एक मृत्यू चुकून दोनदा लिहिला, तर देशाच्या आकड्यात दोन हजार प्रेतं वाढतात. एक दडवला गेला, तर दोन हजार गायब होतात. हा गुणाकार ध्यानात ठेवला की छोट्या नमुन्याबद्दल लोक एवढे का भांडले ते कळतं.

त्याच अहवालात "३ लाख ९३ हजार ते ९ लाख ४३ हजार" असंही आहे. एवढी मोठी फट?

फट मोठी आहे, कारण युद्धातला मृत्यू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कावीळ पसरली तर तालुक्यातल्या बऱ्याच वाड्यांत दोन-चार रुग्ण सापडतात. बॉम्ब मात्र एकाच आळीवर पडतो. त्या आळीत वीस मृत्यू, आणि शेजारच्या नऊ आळ्यांत एकही नाही. चिठ्ठीत ती आळी आली तर आकडा चढतो, नाही आली तर उतरतो. इथे घरांच्या संख्येपेक्षा जागांची संख्या महत्त्वाची. ४७ जागा म्हणजे ४७ चिठ्ठ्या, मग प्रत्येक जागी चाळीस घरं घ्या की ऐंशी. आरोग्य मंत्रालयाच्या पाहणीत ९७१ जागा आणि ९,३४५ घरं होती. तिची फट १ लाख ४ हजार ते २ लाख २३ हजार अशी बरीच अरुंद आली, ती मुख्यतः जागा जास्त होत्या म्हणून.

एक सावधगिरी. ही फट फक्त चिठ्ठीच्या नशिबाची चूक सांगते. दारात माणूस खोटं बोलला, प्रगणक धोक्याच्या गल्लीत गेलाच नाही किंवा लोकसंख्येचा आकडा जुना होता, तर त्या चुका या फटीत मावत नाहीत. वर्तमानपत्रं मधला आकडा मथळ्यात टाकतात, फट शेवटच्या ओळीत जाते आणि या दुसऱ्या प्रकारच्या चुका कुठेच येत नाहीत.

"युद्ध नसतं तर मेले नसते" हे कुणी कसं ठरवायचं?

जादा मृत्यूंच्या पद्धतीचा सर्वांत नाजूक सांधा इथे आहे. आधीचा दर ५.५ धरला होता. तो खरोखर ६.५ असता, तर फरक ७.८ ऐवजी ६.८ झाला असता आणि वरच्या हिशेबातून ८० हजारांहून अधिक मृत्यू वजा झाले असते. हजारी एका मृत्यूची ही किंमत. आणि तो आधीचा दर आला कशावरून? त्याच घरांना चार वर्षांपूर्वीचं आठवायला सांगून. माझा अनुभव असा की मुलगा गेल्याची तारीख आई कधीच विसरत नाही. सासऱ्यांची आजी कुठल्या साली गेली हे मात्र "त्या वर्षी पाऊस लांबला होता" अशा खुणेवरच सांगितलं जातं. जुने, म्हातारपणाचे मृत्यू सुटतात. ते सुटले की आधीचा दर कमी दिसतो आणि युद्धाचा बोजा जास्त.

कांगोच्या युद्धात हाच मुद्दा टोकाला गेला. तिथे १९९८ ते २००७ मध्ये ५४ लाख जादा मृत्यू झाले, असा एका मदत संस्थेचा अंदाज जगभर छापला गेला. त्यातले बहुतेक मृत्यू रोगराई आणि उपासमारीचे होते. टीकाकार म्हणाले की तुलनेसाठी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा सरासरी दर धरला आहे, कांगोत शांततेच्या काळातही मृत्यू याहून अधिक व्हायचे. त्यांनी तो दर थोडा वाढवून धरला आणि आकडा निम्म्याहूनही खाली आला. त्यासाठी एकही घर नव्याने तपासावं लागलं नाही.

मग सरकारी पाहणीत दीड लाखच का? सरकारने दडवले का?

दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सरकारी पाहणीचे प्रगणक आरोग्य मंत्रालयाचे होते. त्या काळी बगदादमध्ये मंत्रालयं वेगवेगळ्या गटांच्या ताब्यात असल्याचा लोकांना संशय होता. ज्याच्या भावाला गणवेशातल्या माणसांनी नेलं, तो सरकारी वहीत "गोळी घातली" असं लिहून देईलच असं नाही, तो "अपघात" म्हणेल किंवा गप्प बसेल. शिवाय ठरवलेल्या १,०८६ जागांपैकी ११५ जागी प्रगणक जाऊच शकले नाहीत, आणि त्या अर्थातच सर्वांत धोक्याच्या होत्या. त्यांचा अंदाज इराक बॉडी काउंटच्या यादीतली प्रमाणं वापरून भरून काढला. बातम्यांची यादी धोक्याच्या भागात सर्वांत लंगडी असते हे वर आलंच आहे. म्हणजे दीड लाख कमी असण्याची कारणं आहेत.

दुसऱ्या बाजूला, लॅन्सेटच्या पाहणीत सुरुवातीचं घर निवडण्याची पद्धत छापील अहवालात अशी होती: मुख्य रस्ता निवडायचा, त्याला छेदणारा एक रस्ता चिठ्ठीने घ्यायचा, त्यावरचं एक घर घ्यायचं. टीकाकारांनी विचारलं की गाडीबॉम्ब, गस्त, नाकेबंदी हे सगळं मुख्य रस्त्यांजवळच होतं, मग मागच्या बाजूची घरं नमुन्यात आली कशी? संशोधक म्हणाले की आम्ही तीही घेतली होती, जागा कमी पडली म्हणून लिहिलं नाही. तसं असेल तर प्रत्यक्ष काय केलं ते दाखवणं भाग होतं. जनमत पाहणी करणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेने तो तपशील मागितला, तो पूर्ण मिळाला नाही, आणि २००९ मध्ये संघटनेने प्रमुख संशोधकाने नियमभंग केल्याचं जाहीर केलं. आकडा चूक आहे असं संघटना म्हणाली नाही, आकडा तपासता येईल एवढी माहिती दिली नाही असं म्हणाली. हा फरक लोक विसरतात.

लॅन्सेटवाल्यांनी मृत्यूचे दाखले पाहिले होते ना? मग वाद कशाला?

हो, आणि हे कोडं मला सर्वांत जास्त विचार करायला लावतं. ज्या घरांत दाखला मागितला त्यांतल्या सुमारे ९२ टक्के घरांनी तो दाखवला. तर मग देशात पाच लाखांहून जास्त दाखले दिले गेले असले पाहिजेत. बगदादच्या मध्यवर्ती नोंदीत मात्र त्याच्या जवळपासही आकडा नव्हता. एक तर घरातली माहिती चूक, नाही तर नोंद वर पोचलीच नाही.

नोंद वर न पोचणं मला अशक्य वाटत नाही. आपल्याकडे वारस नोंदीसाठी, विम्यासाठी, सातबाऱ्यावरचं नाव कमी करण्यासाठी दाखला लागतो, म्हणून लोक तो घेतातच. तो गावपातळीवर मिळतो. तीच नोंद महिन्याच्या तक्त्यात बसून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाणं हे दुसऱ्या माणसाचं, दुसऱ्या दिवसाचं काम. शांततेच्या काळातही माझ्या डोळ्यांसमोर एका ठिकाणचे पूर्ण पावसाळ्याचे तक्ते कपाटात राहून गेले होते. मग युद्धात काय होत असेल? पण पाच लाखांतले बहुतेक सगळेच वाटेत राहिले हे मानायलाही मन धजत नाही.

संपूर्ण कुटुंबच मारलं गेलं तर त्यांचे मृत्यू कोण सांगणार?

कुणीच नाही. घरोघर पाहणीतली ही भोकं बुजवता येत नाहीत. गणपती सोडून कुठल्याही महिन्यात कोकणातल्या वाडीत गेलात तर तिसरं-चौथं घर कुलूपबंद मिळेल. शेजारी सांगतात, "ते मुंबईला असतात." इराकमध्ये कुलूप दिसलं तर त्याचा अर्थ काय लावायचा? पळून सीरियाला गेले, जॉर्डनला गेले, की सगळे मेले? शेजाऱ्यांना विचारता येतं, पण जिथे पूर्ण आळीच उठून गेली तिथे शेजारी तरी कुठले? देश सोडून गेलेली लाखो माणसं पाहणीच्या वेळी घरी नव्हती, आणि सर्वांत जास्त सोसलेलीच माणसं बहुधा देश सोडतात. त्यामुळे या एका कारणाने आकडा कमीच येतो. नेमका किती कमी, हे त्या पाहणीच्या आतून सांगता येत नाही.

तुमच्या मते खरा आकडा काय?

२००६ च्या मध्यापर्यंतचे हिंसक मृत्यू विचाराल तर मी दीड लाखाच्या पाहणीकडे झुकतो. जागा वीसपट होत्या आणि कामाची पद्धत उघड होती. पण वर सांगितलेल्या भीतीमुळे आणि न गेलेल्या जागांमुळे मी त्या आकड्याला फटीच्या वरच्या टोकाकडे धरतो. सहा लाख मला पटत नाहीत. सत्तेचाळीस हजार हा पूर्ण आकडा आहे असं कुणी म्हटलं तर तेही पटत नाही. २०११ मध्ये आणखी एक पाहणी झाली, १०० जागा आणि २,००० घरांची. तिने २००३ ते २०११ या संपूर्ण काळासाठी सुमारे ४ लाख ५ हजार जादा मृत्यू सांगितले, पण तिची फट ४८ हजार ते ७ लाख ५१ हजार इतकी रुंद होती. इतक्या रुंद फटीतून कुणाचाही दावा आरामात निघून जातो, म्हणून तिने वाद मिटवला असं मी म्हणत नाही.

यादीत किती सुटले हे काढायची काही रीत आहे का?

आहे, आणि तिची मुळं आपल्याच देशात आहेत. १९४९ मध्ये चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राची जन्म-मृत्यूची आकडेवारी घेऊन ती मांडली. समजा एका भागात ग्रामपंचायतीच्या नोंदीत ६० मृत्यू आहेत. आम्ही स्वतंत्रपणे घरं फिरलो आणि ५० सापडले. नावं जुळवली तर ४० दोन्हीकडे आहेत. म्हणजे आमच्या ५० पैकी ४० पंचायतीला मिळाले होते. पंचायतीची पकड ८० टक्के. तिचे ६० हे एकूणाच्या ८० टक्के असतील तर एकूण ७५. दोन्ही याद्यांत मिळून ७० नावं आहेत, म्हणजे पाच मृत्यू कुणालाच दिसले नाहीत.

गाझामधल्या मृत्यूंसाठी जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच रीत तीन याद्यांवर वापरली: रुग्णालयांची यादी, ऑनलाइन मागवलेली नातेवाइकांची माहिती आणि समाजमाध्यमांवरचे शोकसंदेश. ३० जून २०२४ पर्यंत तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा ३७,८७७ होता. अभ्यासाने जखमांनी झालेल्या मृत्यूंचा अंदाज ६४,२६० काढला, फट ५५ हजार ते ७९ हजारांच्या आसपास.

ही रीत फसते ती दोन ठिकाणी. एक, याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. ओळखीपाळखीचं, बोलकं घर दोन्ही यादीत येतं आणि कडेचं एकटं घर दोन्हींतून सुटतं. मग जुळणी फुगते आणि एकूण आकडा कमी येतो. दोन, नावं. एकाच वाडीत तीन 'अनंत बाळू' असतात, अरबी नावांचंही तसंच. एकच माणूस दोन वेगळे धरला तर जुळणी घटते आणि एकूण आकडा खोटाच वाढतो. अशा अभ्यासात वय, वडिलांचं नाव, ओळखपत्र क्रमांक यांवरून जुळणी कशी केली ते पान मी आधी उघडतो.

असा एखादा वाद कधी मिटला आहे का?

बऱ्याच अंशी बोस्नियात. १९९२ ते ९५ च्या त्या युद्धात दोन लाख, अडीच लाख मेले असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. हे युद्धाच्या धामधुमीत कुणीतरी सांगितलेले गोल आकडे होते, नंतर एकाचं बघून दुसऱ्याने लिहिले. सारायेव्होतल्या एका संशोधन केंद्राने एकेक नाव गोळा केलं आणि २००७ मध्ये ९७,२०७ नावांची नोंद जाहीर केली. हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या लोकसंख्यातज्ज्ञांनी वेगळ्या वाटेने काम केलं. त्यांनी मृतांच्या याद्या १९९१ च्या जनगणनेशी नावानिशी जुळवल्या आणि युद्धानंतरच्या मतदारयाद्यांत जिवंत सापडलेल्यांना गाळलं. त्यांचा अंदाज १,०४,७३२. दोन स्वतंत्र वाटा इतक्या जवळ आल्या, म्हणून त्यांवर विश्वास बसतो.

तरी एक गोष्ट उरलीच: सैनिक किती, नागरिक किती. मृताच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळावं म्हणून काही नागरिकांची नोंद मृत्यूनंतर सैनिक अशी केलेली होती. त्या कुटुंबांना मी दोष देत नाही. पण ज्या कागदावर पैसे अवलंबून असतात, त्या कागदातला तो रकाना जपून वाचावा लागतो.

आमच्या गावच्या पाटीवरचा आकडा तपासता येईल का?

येईल, थोडं चिकाटीचं काम आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर सैनिकाचं नाव, पलटण आणि तारीख शोधता येते. बऱ्याच भारतीय नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि 'रत्नागिरी' हा जिल्हाही दिलेला असतो. बसरा इथल्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून जास्त जणांची दखल आहे. त्यांतल्या साध्या भारतीय शिपायांची नावं तिथल्या दगडावर कोरली नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या घातली. नावं वहीत राहिली, ती आता शोधता येतात.

तुम्हाला मिळणारी संख्या पाटीशी जुळेलच असं नाही. पाटी १९१९ ला थांबते आणि आयोग ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतो, त्यामुळे तापाने नंतर गेलेला शिपाई आयोगाच्या नोंदीत असेल, पाटीवरच्या आकड्यात नसेल. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आहे, म्हणून चार-पाच स्पेलिंगांनी शोधा. एकाच नावाची दोन गावं दोन तालुक्यांत असली तर पलटण आणि वडिलांचं नाव बघा. बोटीवरच्या खलाशांसाठी वेगळं शोधावं लागेल. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ सहा हजार भारतीय खलाशांची दखल मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांत आहे. मिळालेली नावं गावातल्या वयस्कर माणसांना वाचून दाखवा. कुठल्या घरातला, कुणाचा पणजोबा, हे तिथेच कळतं, आणि "हा परत आला होता, नंतर गेला" हेही तिथेच कळतं.